सेमिनारनंतरची ओळख-चिठ्ठी: कोणता क्षण आठवून द्यायचा आणि पुढे काय मागायचे

या टिपणात आपण एका अगदी छोट्या लेखनप्रकाराचा अभ्यास करणार आहोत. सेमिनारला बाहेरून आलेल्या वक्त्यांशी किंवा दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाशी चार-पाच मिनिटे बोलणे होते. दुसऱ्या दिवशी त्यांना लिंक्डइनवर, ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर आपण दोन ओळी पाठवतो. या दोन ओळींचे काम दोनच गोष्टींचे आहे. आपण कोण हे त्यांना आठवावे आणि पुढची एक लहान गोष्ट ठरावी. तरीही या ओळी बहुतेक वेळा वाया जातात. त्या का वाया जातात हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. उदाहरण आमच्या वडोदऱ्यातले आहे. त्यात थोडे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आहे, पण इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही समजेल इतकेच मी ठेवले आहे. ते पूर्ण गाळता येणार नाही, कारण चिठ्ठीचा जीव त्या तपशिलातच आहे.

प्रसंग

आमच्या विभागात यंत्रांच्या देखभालीवर एक दिवसाचे सेमिनार होते. वक्ते एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभाग सांभाळणारे अनुभवी इंजिनिअर. व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने त्यांना गाठले. तिचा प्रोजेक्ट होता मोटरच्या बेअरिंगमधला बिघाड कंपनांवरून ओळखण्याचा. तिने मोटरच्या अंगावर एमपीयू-६०५० हा स्वस्त सेन्सर बसवला होता.

तिचा हिशेब असा होता. मोटरच्या पाटीवर १४४० आरपीएम लिहिले आहे, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बेअरिंग ६२०५ क्रमांकाचे, नऊ गोळ्यांचे. अशा बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर चरा पडला, तर दर फेऱ्याला सरासरी ३.५८५ वेळा गोळी त्या चऱ्यावरून जाते. २४ गुणिले ३.५८५ म्हणजे ८६ हर्ट्झ. सेन्सर सेकंदाला १००० मोजमापे देतो, त्यामुळे ५०० हर्ट्झपर्यंतचे पकडता यायला हवे. मग ८६ का दिसत नाही?

वक्ते म्हणाले, "८६ हा ठोक्यांचा हिशेब आहे, आवाजाचा नाही." मग त्यांनी चहाच्या कपावर चमचा वाजवून दाखवला. चमचा सेकंदातून दोनदा वाजवला म्हणून कपाचा नाद दोन हर्ट्झचा होत नाही. कप आपल्या स्वतःच्या नादाने वाजतो. तसेच सुरुवातीच्या बारीक चऱ्यावरून गोळी जाते तेव्हा लोखंड काही हजार हर्ट्झवर झणझणते आणि ८६ हा फक्त त्या झणझणाटांमधला ताल असतो. हजार मोजमापांच्या सेन्सरला तो झणझणाट ऐकूच येत नाही. त्यांनी सुचवले, की बाजारात मिळणारी पायझो चकती चिकटवून लॅपटॉपच्या साउंड कार्डातून मोजून बघ. ते कार्ड सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेते. चकतीचे आकडे प्रमाणित नसतील, पण ताल दिसेल.

हे सगळे सात-आठ मिनिटांत झाले. मग कुणीतरी वक्त्यांना फोटोसाठी बोलावून नेले.

पहिला मसुदा

त्या रात्री तिने लिंक्डइनवर पाठवण्यासाठी हे लिहिले आणि पाठवण्याआधी मला दाखवले:

> आदरणीय सर, कालचे आपले व्याख्यान अत्यंत माहितीपूर्ण व प्रेरणादायी होते. मला आपल्याकडून खूप काही शिकायला मिळाले. मी इलेक्ट्रिकलच्या अंतिम वर्षाला असून कंडिशन मॉनिटरिंगमध्ये मला रस आहे. आपल्या कंपनीत इंटर्नशिपची संधी असल्यास कृपया कळवावे. आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा आहे.

यात भाषेची चूक एकही नाही, नम्रताही आहे. पण हे कुणीही, कुणालाही, कोणत्याही सेमिनारनंतर लिहू शकले असते. मी स्वतः काही ठिकाणी व्याख्याने दिली आहेत आणि त्यानंतर असे निरोप मला आले आहेत. ते वाचताना समोर एकही चेहरा येत नाही. सभागृहात शंभर मुले होती, त्यातली ही कोणती? उत्तर द्यायचे मनात असले तरी काय द्यायचे ते कळत नाही. 'धन्यवाद' लिहून विषय संपतो.

तिला मी विचारले, तुमच्या बोलण्यातले काय आठवते? तिने लगेच कप आणि चमचा सांगितला. मग ते चिठ्ठीत का नाही? तिचे उत्तर प्रामाणिक होते: "सर, ते फारच साधे वाटले. लिहिण्यासारखे नाही वाटले."

इथेच बहुतेकांची गफलत होते. लिहायला बसले, की आपल्याला वाटते चिठ्ठी भारदस्त हवी. त्यामुळे जे फक्त आपल्या दोघांत घडले ते गळून जाते आणि जे सगळ्यांनी ऐकले ते राहते.

कोणता क्षण निवडायचा

तिने दुसऱ्या मसुद्यात लिहिले, "सर, एन्व्हलपवरची आपली स्लाइड फार आवडली." हा सुधार दिसतो, पण पुरेसा नाही. स्लाइड शंभर जणांनी पाहिली. त्यावरून वक्त्यांना आपली स्लाइड आठवेल, ही मुलगी आठवणार नाही. वक्त्याने सभागृहाला सांगितलेले आणि आपल्याला सांगितलेले यांत फरक करावा लागतो. चिठ्ठीत दुसरे हवे.

त्यातही तिचा प्रश्न महत्त्वाचा. माणसाला आपण दिलेली उत्तरे एकमेकांत मिसळून जातात, कारण तीच उत्तरे तो अनेक ठिकाणी देत असतो. ठोका आणि आवाज यांतला फरक या वक्त्यांनी कितीतरी जणांना समजावला असेल. पण "८६ तर पाचशेच्या आत आहे, मग दिसत का नाही?" असे आकडा घेऊन विचारणारी त्या दिवशी ती एकटीच होती. म्हणून चिठ्ठीत '८६' हा आकडा आला, की त्यांच्या डोळ्यांपुढे चहाचे टेबल येईल. 'बेअरिंगविषयी बोललो होतो' एवढ्याने येणार नाही.

हे आठवण्यासाठी त्याच दिवशी लिहून ठेवायला हवे. रात्रीपर्यंत आपल्या मनात त्या बोलण्याचा सारांश उरतो, शब्द उरत नाहीत. सेमिनारच्या पत्रकाच्या मागे, बस येईपर्यंत, मी काय विचारले, ते काय म्हणाले (शक्यतो त्यांच्याच शब्दांत) आणि मी काय करीन असे म्हणाले, एवढे टिपले की झाले. तिने तिसरी गोष्ट टिपली नव्हती. तिला आठवत होते की "बघते सर, करून बघते" असे ती म्हणाली होती. माझ्या मते तेच तिच्या हातातले सर्वांत मोठे भांडवल होते. त्यावर पुढे येतोच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. पहिली अशी, की समोरच्याच्या तोंडी शब्द घालताना तो खरेच तसे म्हणाला होता का, हे तपासावे. त्याच टेबलाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "आपण म्हणालात की एमपीयू-६०५० निरुपयोगी आहे." वक्ते तसे म्हणाले नव्हते. असंतुलन, म्हणजे पंख्याचे एक पाते जड असणे, असे फेऱ्याच्या गतीला दिसणारे दोष तो सेन्सर छान पकडतो. तो अपुरा आहे तो बेअरिंगच्या सुरुवातीच्या चऱ्यासाठी. चुकीची आठवण करून दिली, की समोरच्याला आधी दुरुस्ती करावी लागते आणि ओळखीची सुरुवात खुलाशाने होते. खात्री नसेल तेव्हा 'मला असे समजले, की' अशी सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. चहाच्या वेळी माणसे मोकळेपणाने बोलतात. वक्त्यांनी आपल्या कारखान्यातला एक पंप गेल्या महिन्यात कसा पुन्हा पुन्हा बंद पडला, तेही सांगितले होते. किस्सा मजेदार होता आणि आठवण म्हणून चिठ्ठीत घालायचा मोह तिला झाला. पण कारखान्यातला बिघाड तोंडी सांगणे वेगळे आणि तो कुणीतरी आपल्याला लेखी पाठवणे वेगळे. असे काही ऐकले असेल तर ते चिठ्ठीत नको आणि सेमिनारच्या फोटोखालच्या मजकुरात तर मुळीच नको.

पुढचे पाऊल किती मोठे असावे

आता चिठ्ठीचा दुसरा भाग. पहिल्या मसुद्यात मागणी होती इंटर्नशिपची. ही मागणी करूच नये असे नाही. पण ती दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत का बसत नाही, ते त्यांच्या बाजूने पाहा. इंटर्नशिप देणे बहुधा एकट्या देखभाल-प्रमुखाच्या हातात नसते. मनुष्यबळ विभाग, कॉलेजचे पत्र, सुरक्षा-प्रशिक्षण, विमा, असे सगळे मागे लागते. 'हो' म्हणायला त्यांना चार जणांशी बोलावे लागेल आणि 'नाही' म्हणणे अवघड वाटेल. ज्या प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' दोन्ही जड जातात, त्याला उत्तर येत नाही. विद्यार्थ्याला वाटते सर गर्विष्ठ आहेत. प्रत्यक्षात ते पत्र 'नंतर बघू' मध्ये पडलेले असते.

मग तिने एक वरवर फार लहान दिसणारी मागणी सुचवली. वक्ते म्हणाले होते, की शटडाउनच्या वेळी बादलीभर जुनी बेअरिंगे भंगारात जातात. त्यातले एखादे खराब बेअरिंग मागावे का? प्रोजेक्टच्या दृष्टीने कल्पना उत्तम. हाताने ओरखडा काढलेल्या बेअरिंगपेक्षा खरेच झिजलेले बेअरिंग केव्हाही बरे. पण कारखान्यातून भंगाराची वस्तूही सहज बाहेर येत नाही. तिला गेटपास लागतो, स्टोअर्सची नोंद लागते आणि भंगार बऱ्याचदा ठरलेल्या ठेकेदारालाच जाते. म्हणजे आपल्याला मुठीत मावणारी वाटलेली वस्तू मिळवायला त्यांना दोन सह्या घ्याव्या लागतील. मागणी लहान की मोठी हे आपल्या बाजूने ठरत नाही. ते जिथे काम करतात तिथले नियम ती ठरवतात, आणि आपल्याला ते माहीत नसतात. म्हणून पहिल्या चिठ्ठीत ज्याला कुणाची परवानगी लागत नाही, असेच मागावे.

असे काय असते? त्यांचे स्वतःचे दोन मिनिटांचे लक्ष. तेही रिकामे मागू नये. 'मार्गदर्शन करा' यात काम त्यांचे आहे. काय विचारायचे, कुठून सुरू करायचे, हे सगळे त्यांनी ठरवायचे. त्याऐवजी काम आपण करायचे आणि त्यांनी फक्त बघायचे. इथे तिचे "करून बघते सर" उपयोगी पडले. त्यांनी एक प्रयोग सुचवला होता, तो ती करणारच होती. मग पुढचे पाऊल आपोआप ठरले: चकती लावून मोजायचे आणि एक पानाचा आलेख त्यांना पाठवायचा. त्यांना आत्ता एवढेच म्हणायचे आहे की 'पाठव'.

तारीखही घालावी, पण ती पाळता येईल अशी. सेमिनार १४ तारखेला झाले होते. ती म्हणाली १८ ला पाठवते. चकती आणायची, चिकटवायची, साउंड कार्डाच्या इनपुटला जोडायची, लॅब मिळायला हवी, शिवाय मधल्या परीक्षा. मी २५ तारीख घालायला लावली. याचे कारण माझा स्वतःचा अनुभव आहे. एम.ई. करताना मी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना "आठवड्यात सिम्युलेशन पाठवतो" असे उत्साहाने कळवले आणि ते कधीच पाठवले नाही. त्यांनी काही म्हटले नाही. पण पुढे एका परिषदेत ते समोर दिसल्यावर मी खांबाआड झालो. ओळख वाढवण्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठीने ओळख संपवली ती अशी.

दोनशे अक्षरांत बसवणे

लिंक्डइनवर ओळखीची विनंती पाठवताना सोबत चिठ्ठी जोडता येते. हे लिहितेवेळी विनामूल्य खात्याला त्यासाठी २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या जोडता येतात. ही मर्यादा यापूर्वी बदललेली आहे, तेव्हा पाठवताना पडद्यावर दिसणारा आकडाच खरा धरावा.

भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण जोडाक्षराला एक अक्षर मानतो, संगणक मानत नाही. व्यंजन, मात्रा, हलन्त, अनुस्वार, प्रत्येक वेगळा मोजला जातो.

```python
print(len("विद्यार्थिनी"))   # 12
```

आपल्या हिशेबाने 'विद्यार्थिनी'ची अक्षरे चार, यंत्राच्या हिशेबाने बारा. म्हणून वहीत लिहिलेला 'छोटा' मजकूर पेटीत मावत नाही आणि शेवटचा भाग, म्हणजे नेमका आपला प्रश्न, कापावा लागतो. कापायचे असेल तर विशेषणे कापा, प्रश्न नको. तिचा अंतिम मजकूर असा झाला:

> नमस्कार सर. काल चहाच्या वेळी ८६ हर्ट्झबद्दल विचारणारी विद्यार्थिनी मीच. १ किलोहर्ट्झचा सेन्सर का पुरणार नाही ते कळले. पायझो चकतीने मोजून २५ तारखेला एक आलेख पाठवू का?

ही १६५ अक्षरे झाली. यात तिचे नाव नाही, कारण विनंतीवर नाव आणि फोटो आपोआप दिसतात. कॉलेजचे नाव आणि वर्षही नाही, ते प्रोफाइलवर असते. व्हॉट्सॲपवर मात्र उलट. तिथे आपला क्रमांक त्यांच्याकडे नोंदवलेला नसतो, म्हणून पहिल्याच ओळीत नाव, कॉलेज आणि 'कालच्या सेमिनारमध्ये भेटलो' हे हवे. शिवाय क्रमांक त्यांनी स्वतः दिलेला असेल तरच व्हॉट्सॲप. सेमिनारच्या पत्रकावरून उचललेला क्रमांक चालणार नाही.

चिठ्ठी ज्या भाषेत बोललो त्या भाषेत लिहावी असे माझे मत आहे. वडोदऱ्यात एकाच टेबलावर गुजराती, हिंदी आणि मराठी चालते. हे दोघे मराठीत बोलले, म्हणून चिठ्ठी मराठीत. बोलणे इंग्रजीत झाले असते तर इंग्रजीत लिहिणे योग्य. हिंदीत झाले असते आणि रोमन लिपीत लिहिले तरी काही बिघडत नाही. बिघडते ते मोकळ्या बोलण्यानंतर 'महोदय, सविनय निवेदन' सुरू केल्यावर, कारण बोलणारा माणूस आणि लिहिणारा माणूस वेगळा वाटू लागतो.

पाठवताना होणारी एक नेहमीची चूक: फोनवरच्या ॲपमध्ये `Connect` दाबले, की अनेकदा विनंती चिठ्ठीविनाच निघून जाते. आधी प्रोफाइल उघडावे, `More` मध्ये चिठ्ठी जोडण्याचा पर्याय शोधावा, किंवा सरळ संगणकावरून पाठवावे. चिठ्ठीविना गेलीच, तर घाईने विनंती मागे घेऊ नका. मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि तोवर चहाचे टेबल विसरलेले असते. अशा वेळी विनंती तशीच राहू द्यावी आणि सेमिनारच्या आयोजक शिक्षकांना विचारून हाच मजकूर ईमेलने पाठवावा. ईमेलला मर्यादा नाही म्हणून तो लांबवू नये. पाच-सहा ओळी पुष्कळ झाल्या.

२५ तारखेचे पत्र

वक्त्यांनी दोन दिवसांनी विनंती स्वीकारली आणि एका शब्दात उत्तर दिले: "पाठव." म्हणजे चिठ्ठीचे काम झाले, आता शब्द पाळायचा.

तिने मोजले. चकती बेअरिंगजवळच्या झाकणावर चिकटवली, एक चांगले आणि एक मुद्दाम ओरखडा काढलेले बेअरिंग घालून दहा-दहा सेकंद नोंदवले, वरच्या वारंवारतांचा पट्टा गाळून घेऊन त्याचा चढउतार काढला. ओरखड्याच्या बेअरिंगमध्ये ताल स्पष्ट दिसला. पण तो ८६ ला नव्हता, ८९ ला होता.

तिला वाटले प्रयोग फसला, आता काय पाठवणार. मी म्हटले, उलट आता खरा प्रश्न मिळाला. सगळे जुळले असते तर "बघा सर, जमले" यापलीकडे लिहायला काही नव्हते. पत्र असे गेले:

> विषय: ६२०५ बेअरिंगचा आलेख – १४ तारखेच्या बोलण्यावरून
>
> नमस्कार सर,
> १४ तारखेला चहाच्या वेळी आपण म्हणाला होतात, की ८६ हा ठोक्यांचा हिशेब आहे, आवाजाचा नाही. त्याप्रमाणे पायझो चकती लावून मोजले. सोबत एक पान आहे: वर चांगले बेअरिंग, खाली बाहेरच्या कड्यावर ओरखडा काढलेले.
> खालच्या आलेखात ताल दिसतो, पण ८६ ऐवजी ८९ हर्ट्झला. गती मोटरच्या पाटीवरून १४४० धरली आहे. मोजमाप दहा सेकंदांचे आहे, त्यामुळे तीन हर्ट्झचा फरक मोजण्यातला नसावा असे वाटते.
> मी नेमके कुठे बघावे, एवढे एका ओळीत सांगू शकाल का?

या पत्रात पहिल्या चिठ्ठीचेच दोन भाग आहेत, फक्त थोडे मोठे. बोलण्याची आठवण त्यांच्याच वाक्याने करून दिली आहे. फाइल एका पानाची आहे, फोनवर उघडता येते. कोड, फोल्डर, पन्नास पानी अहवाल काही नाही. तिने काय धरले आणि काय तपासले हे सांगितले आहे, त्यामुळे त्यांना उलट प्रश्न विचारावे लागत नाहीत. दहा सेकंदांची नोंद म्हणजे दशांश हर्ट्झपर्यंतचा फरक ओळखता येतो, हे तिने ओझरते लिहिले. जाणकाराला त्यावरूनच कळते की मुलीने स्वतः विचार केला आहे. आणि प्रश्न असा आहे, की ज्याला माहीत आहे त्याला एक ओळ पुरते.

उत्तर त्याच संध्याकाळी आले: "मोटरवर भार नव्हता ना? पाटीवरची गती पूर्ण भाराची असते. टॅकोमीटर लावून बघ."

हे वाचून तिने कपाळावर हात मारला आणि खरे सांगायचे तर मीही मारला, कारण आलेख मीही पाहिला होता. चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर रिकामी चालवली, की ती १५०० च्या अगदी जवळ फिरते. भार चढवला की हळू होते आणि पूर्ण भाराला १४४० वर येते. ८९ ला ३.५८५ ने भागले तर सेकंदाला सुमारे २४.८ फेरे, म्हणजे १४९० आरपीएम. लॅबमधली मोटर रिकामीच चालत होती.

उत्तर आले नसते तर

हाही भाग सांगायला हवा, कारण निम्म्या वेळा तरी असेच घडते. पहिल्या चिठ्ठीला उत्तर नाही आले, तर २५ तारखेपर्यंत काहीच करायचे नाही. २५ ला आलेख तयार झाला की तो ईमेलने पाठवायचा, कारण आता सांगायला नवे काही आहे. 'माझा निरोप मिळाला का?' या आठवणीत त्यांच्यासाठी काहीच नसते, फक्त टोचणी असते. त्यालाही उत्तर नाही आले तर तिथे थांबायचे. शटडाउन चालू असेल, घरी काही असेल, किंवा त्यांची इच्छा नसेल. कारण कोणते हे आपल्याला कळत नाही आणि ते विचारायचे नसते. पुढच्या वर्षी ते पुन्हा कॉलेजात आले तर '८६ हर्ट्झवाली' म्हणून समोर जायला वाट मोकळी राहते.

उत्तर आल्यावर मात्र एक पत्र उरते आणि ते बहुतेक जण लिहीत नाहीत. मार्गदर्शन मिळाले, काम झाले, मग कळवायचे कशाला? पण सांगणाऱ्याला आपले निदान बरोबर होते का, याची उत्सुकता असते, आणि ती भागवायला दोन ओळी लागतात. तिने दुसऱ्या दिवशी टॅकोमीटर लावला आणि लिहिले:

> सर, मोटर रिकामीच होती. टॅकोमीटरवर १४९१ आले, हिशेबाने ८९.१ हर्ट्झ, आणि आलेखातही तेच आहे. आता भार चढवून मोजते.

यात तिने काहीही मागितले नव्हते. तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला, की पुढच्या महिन्यात शटडाउन आहे, एक झिजलेले ६२०५ निघाले तर गेटपास करून ठेवतो, सरांचे पत्र घेऊन ये.